बिल अचानक 6,890 रुपये: मीटर बिघडलाय की हिशेब?

प्रश्न: महावितरणचं घरगुती सिंगल फेज कनेक्शन आहे. एरवी बिल दीड हजाराच्या आसपास असतं, गेले दोन महिने 850 आलं आणि या महिन्यात एकदम 6,890! मागील रीडिंग 7,962, चालू 8,412. थकबाकी 850 दाखवतात, पण मी ते पैसे भरलेत. मीटर बदलून घ्यावा का?

मीटर बदलायला धावू नका. तुमच्या आकड्यांवरून मीटर ठीक चालतोय असंच वाटतं. आधीची दोन बिलं काढा आणि चालू रीडिंगच्या जागी काय छापलंय ते बघा. तिथे आकड्याऐवजी INACCS किंवा LOCKED असेल, तर रीडिंग घेणारा मीटरपर्यंत पोचलाच नव्हता आणि तुम्हाला सरासरीवर बिल लावलं गेलं. 850 चं बिल साधारण 100 युनिटचं होतं. तुम्ही त्याहून जास्त वीज वापरत होता, फक्त ती मोजली गेली नव्हती.

यावेळी रीडिंग मिळालं आणि 8,412 वजा 7,962 म्हणजे 450 युनिट निघाले. हे तीन महिन्यांचे आहेत, महिन्याला 150. तुमचं नेहमीचं दीड हजाराचं बिल जवळपास एवढ्याच वापराचं असतं.

आता घोळ कुठे होतो ते बघा. घरगुती दराचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटवर बदलतात. (300 ओलांडले की सगळेच युनिट महाग होतात असं बरेच जण समजतात. तसं नाही, वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो.) दर वीज नियामक आयोगाच्या आदेशानुसार बदलतात, म्हणून मी गोल आकडे धरतो: पहिले 100 साडेचार रुपयांनी, पुढचे 200 दहा रुपयांनी, त्यापुढचे तेरा रुपयांनी. तुम्ही बिलामागचे नेमके दर घाला.

450 युनिट एकाच महिन्याचे धरले, तर 450 + 2,000 + 1,950, म्हणजे वीज आकार 4,400 होतो. तेच तीन महिन्यांत वाटले, तर दर महिन्याला 450 + 500 = 950, तिन्ही मिळून 2,850. वीज तेवढीच, फरक 1,550 चा, आणि त्यावर 16 टक्के वीज शुल्क धरलं की 1,800 च्या घरात. साचलेल्या युनिटांना जितके महिने तितक्या पट टप्पे मिळायला हवेत. यालाच स्लॅबचा फायदा म्हणतात.

वहन आकार युनिटमागे सारखाच असल्याने तो या भांडणात येत नाही. दीड रुपया धरला तर 675. स्थिर आकार मात्र वापर असो-नसो, दर महिन्याला लागतो. 130 धरा. तर एका महिन्याचं म्हणून 4,400 + 675 + 130, वर शुल्क, म्हणजे सुमारे 6,040. त्यात थकबाकीचे 850 मिळवले की तुमचे 6,890 झाले.

योग्य हिशेब असा: 2,850 + 675 + तीन महिन्यांचा स्थिर आकार 390 = 3,915, शुल्कासह सुमारे 4,540. त्यातून सरासरी बिलांपोटी आकारलेले 1,700 वजा. उरतात साधारण 2,840. इंधन समायोजन आकार सोडून दिलाय, त्याने थोडं इकडेतिकडे होईल. ही वजावट बहुतेक वेळा संगणक आपोआप करतो आणि ती समायोजित रकमेत दिसते. तुमच्या बिलात तिथे शून्य असेल, तर चूक तिथेच आहे.

थकबाकीचं कारण अनेकदा साधं असतं: बिल तयार झाल्यावर तुमचा भरणा जमा झाला. बिलावर शेवटच्या पावतीची तारीख असते, ती तुमच्या पावतीशी ताडून पाहा.

उपविभाग कार्यालयात जाण्याआधी मीटरवरचं आजचं kWh रीडिंग फोटोसह टिपा. ते 8,412 पेक्षा कमी असेल, तर रीडिंगच चुकीचं घेतलंय आणि वरचा सगळा हिशेब बाजूला पडतो. तसंच मेन स्विच बंद करूनही मीटरचा लाल दिवा लुकलुकत राहिला, तर मीटर आणि मेन यांच्यामध्ये कुठेतरी वीज जातेय, किंवा मीटर खरंच बिघडलाय. तेव्हा मात्र मीटर तपासणीचा अर्ज करा.

बाकी अर्ज लेखीच द्या, तिन्ही बिलं जोडा, 'युनिट तीन महिन्यांत विभागून स्लॅबचा फायदा द्यावा आणि सरासरी बिलांची रक्कम वजा करावी' असं स्पष्ट लिहा आणि पोच घ्या. निकाल लागेपर्यंत बिल तसंच पडू देऊ नका, वीज तोडतात. विद्युत कायदा 2003 च्या कलम 56(1) प्रमाणे मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी रक्कम, जी कमी असेल ती, निषेध नोंदवून भरता येते. तेवढी भरली की वाद मिटेपर्यंत जोडणी तोडता येत नाही. कार्यालयाने दाद दिली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा, तिथे वकील लागत नाही.