मसाला संपत आला की निरोप पोचला पाहिजे

प्रश्न: मी डिचोलीत घरून मसाले आणि लोणची विकते. सगळ्या गिऱ्हाइकांची व्हॉट्सॲपवर एकच ब्रॉडकास्ट लिस्ट केलीय, कॅटलॉगही आहे. दर रविवारी मेसेज टाकते, पण जुनी गिऱ्हाइकं परत मागवत नाहीत. काय करू?

उत्तर:

रविवारचा मेसेज बंद करा आणि ती एक लिस्ट मोडा. मी फोंड्यात घरूनच शाकुतीचा, खतखत्याचा आणि गरम मसाला करते, त्यामुळे या धंद्याची गती मला माहीत आहे. ज्या बाईने परवाच पाकीट नेलंय तिला आज मेसेज गेला तर ती तो वाचून सोडून देते. दोन-तीनदा असं झालं की ती तुमचा मेसेज उघडायचंच सोडते. मग तिचं पाकीट खरोखर संपतं तेव्हा ती कोपऱ्यावरच्या दुकानातून तयार मसाला आणते. म्हणून लिस्ट गिऱ्हाइकाच्या गावावरून किंवा ओळखीवरून करू नका, माल कधी संपतो त्यावरून करा.

आधी तो हिशेब मांडा. माझं पाकीट २५० ग्रॅमचं. चार माणसांच्या घरात एका शाकुतीला किंवा तोंडाकाला दोन भरगच्च चमचे म्हणजे साधारण १५ ग्रॅम मसाला लागतो. आठवड्यातून तीनदा केलं तर ४५ ग्रॅम. म्हणजे पाकीट पाच-साडेपाच आठवडे पुरतं. चार आठवडे झाले की डब्यात ७० ग्रॅमच्या आसपास उरलेला असतो, चमचा तळाला लागायला लागतो. मेसेज जायची वेळ हीच, पाचव्या आठवड्याची सुरुवात. तुमच्या प्रत्येक मालाचा असा हिशेब करा. अंदाज येत नसेल तर रोजच्या गिऱ्हाइकांपैकी दोघी-तिघींना सरळ विचारा की पाकीट किती दिवस पुरलं.

आता लिस्ट. मी पंधरवड्याची एक करते आणि नाव साधं ठेवते: ‘मसाला जाने १’, ‘मसाला जाने २’. हे नाव फक्त आपल्यालाच दिसतं. पाकीट हातात दिलं त्याच दिवशी त्या गिऱ्हाइकाला चालू पंधरवड्याच्या लिस्टमध्ये घालायचं. एका लिस्टमध्ये २५६ जणच बसतात, पण पंधरवड्याची लिस्ट घरगुती धंद्यात तेवढी होतच नाही.

समजा ‘जाने १’ मध्ये ३० जणी आहेत. फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात त्यांना असा मेसेज जातो:

“नमस्कार. जानेवारीत नेलेला शाकुती मसाला आता संपत आला असेल. गुरुवारी ताजा दळणार आहे. हवा असल्यास बुधवारी संध्याकाळपर्यंत किती पाकिटं ते फक्त आकड्यात लिहा. फोंड्यात शुक्रवारी, पणजीत शनिवारी पोचेल.”

सगळ्यांना तोच मजकूर जातो, त्यात एकेकीचं नाव घालता येत नाही. म्हणून ‘ताई’, ‘वहिनी’ न लिहिता सगळ्यांना चालेल असं लिहा. पण वाचणारीला तो तिच्या एकटीच्या चॅटमध्येच दिसतो आणि तिचं उत्तर फक्त तुम्हाला येतं. ग्रुपसारखं एकमेकींचं दिसत नाही. दळणाचा दिवस सांगितल्याचा आपल्यालाही फायदा होतो. बुधवारी रात्री पाकिटं मोजायची, तेवढेच धणे आणि मिरच्या भाजायच्या. माल उरून वास जात नाही, आणि गिऱ्हाइकाच्या हातात दळणाला चार दिवसही न झालेला मसाला पडतो.

ज्या मागवतात त्यांना ‘जाने १’ मधून काढून चालू पंधरवड्याच्या लिस्टमध्ये घालायचं. बाकीच्या तिथेच राहतात. कोण परतलं आणि कोण नाही हे यातूनच कळतं, वेगळी वही लागत नाही. राहिलेल्यांना लगेच दुसरी आठवण देऊ नका. तीन आठवडे जाऊ द्या आणि मग एकेकीला स्वतंत्र मेसेज करून विचारा, “मसाला तिखट झाला का? तुमच्याकडे कसा लागला?” विकायचं काही त्यात घालू नका. कधी मुलांना तिखट लागलेला असतो, कधी पाकीट मोठं पडलेलं असतं. माझं १०० ग्रॅमचं पाकीट अशा उत्तरांमधूनच सुरू झालं. त्यानंतरही जी मागवत नाही तिला मसाल्याच्या लिस्टमधून काढा आणि फक्त वर्षातून एकदा-दोनदा मेसेज जाणाऱ्या लिस्टमध्ये ठेवा.

आता उत्तरंच न येण्याबद्दल. ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही, त्याला ब्रॉडकास्टचा मेसेज पोचतच नाही. तुम्हाला मात्र तो गेल्यासारखा दिसतो. तपासायला पाठवलेल्या मेसेजवर बोट दाबून धरा आणि माहितीचं चिन्ह उघडा. तिथे ‘Delivered to’ आणि ‘Read by’ अशा याद्या असतात. दोन दिवस थांबून बघा, कारण कुणाचा फोन बंद असतो, कुणाचं नेट संपलेलं असतं. ३० पैकी समजा २१ नावंच आली तर उरलेल्या नऊजणींना एकेक साधा मेसेज पाठवा. साध्या मेसेजला दोन टिका आल्या पण ब्रॉडकास्ट पोचला नाही, तर तिच्याकडे नंबर सेव्ह नाही असं समजा. साध्यालाही एकच टिक राहिली तर फोन बंद आहे, नंबर बदललाय किंवा तिने तुम्हाला ब्लॉक केलंय.

नंबर सेव्ह करून घ्यायची खरी वेळ पाकीट हातात देताना असते. “सेव्ह करा हां” म्हटलं की सगळ्या हो म्हणतात आणि विसरतात. मी तिच्यासमोरच तिच्या चॅटवर माझं कॉन्टॅक्ट कार्ड पाठवते, आणि ते तिला तिथल्या तिथे दाबून सेव्ह करता येतं. कार्डावर माझ्या नावासोबत ‘मसाले फोंडा’ असं असतं, कारण सहा महिन्यांनी नुसतं नाव कुणाला आठवत नाही. हाच नंबर पाकिटाच्या लेबलवर मोठ्या अक्षरात छापा. पाकीट डब्यात रिकामं करताना ते हातात असतंच.

कॅटलॉगचं काम नवीन गिऱ्हाइकासाठी जेवढं, त्याहून जास्त जुन्यासाठी आहे. जुनीला चव आठवते, पण पाकीट केवढं होतं आणि कितीला घेतलं ते आठवत नाही. ते विचारायचा कंटाळा येतो आणि ऑर्डर राहते. म्हणून मेसेजच्या पाठोपाठ त्या लिस्टला कॅटलॉगमधली तीच एक वस्तू पाठवा, पूर्ण कॅटलॉग नको. नावातच वजन घाला: ‘शाकुती मसाला २५० ग्रॅम’. १०० ग्रॅमचं पाकीट वेगळी वस्तू म्हणून ठेवा. किंमत रिकामी सोडता येते, पण सोडू नका. वर्णनात कशापासून केलाय, एका भाजीला किती चमचे आणि किती दिवस टिकतो, एवढं पुरे. फोटो खिडकीच्या उजेडात काढा. पाकीट बंद आणि बाजूला वाटीत मसाला, म्हणजे रंग कळतो.

कॅटलॉगमध्ये ५०० वस्तू मावतात, पण घरगुती धंद्याला दहा-बारा खूप झाल्या. माल संपला की वस्तू काढून टाकू नका, लपवा. पुढच्या मोसमात परत दाखवता येते. गिऱ्हाइकाने कार्ट भरून पाठवली म्हणजे पैसे आले असं नाही, ती फक्त मागणी असते. तिला लगेच दिवस आणि पैसे कसे द्यायचे ते कळवावं लागतं. त्यासाठी मी क्विक रिप्लाय करून ठेवलाय, `/upi` टाइप केलं की पूर्ण मजकूर येतो. नवीन वस्तू टाकली की व्हॉट्सॲपकडून तपासली जाते. दारूला तिथे मनाई आहे, त्यामुळे घरची हुर्राक-फेणी कॅटलॉगमध्ये चालत नाही. औषधांनाही मनाई आहे, म्हणून आगळाच्या वर्णनात ‘पित्तावर औषध’ असलं काही लिहू नका.

आपल्याकडे पाच आठवड्यांचा हिशेब श्रावणात कोलमडतो, हे ध्यानात ठेवा. श्रावण लागला की बऱ्याच घरांत चवथ होईपर्यंत मासे-मटण बंद असतं. शाकुतीचा मसाला डब्यात तसाच पडून राहतो. जुलैत नेलेल्या पाकिटाची आठवण ऑगस्टमध्ये केली तर ती फुकट जाते, म्हणून तो मेसेज मी चवथीनंतरच पाठवते. याच दिवसांत खतखत्याचा मसाला चालतो, त्यामुळे श्रावणात फक्त त्याचा मेसेज जातो. आगळाचं गणित आणखी वेगळं. भिरंडं एप्रिल-मेमध्ये येतात आणि माणसं वर्षाची बाटली एकदाच भरून ठेवतात. त्याच्या लिस्टला मेसेज वर्षातून एकदाच, मेच्या सुरुवातीला पाठवायचा. तुमच्या लोणच्याचंही बहुतेक असंच असेल, म्हणून त्याला मसाल्याच्या लिस्टमध्ये मिसळू नका.

एकदम हजारो जणांना मेसेज पाठवून देणारी बाहेरची ॲप कुणी सुचवली तर घेऊ नका. त्यातून नंबर बंद होऊ शकतो, आणि पाकिटांवर छापलेला तोच नंबर आहे. गावातल्या ग्रुपमधून उचललेले नंबर लिस्टमध्ये घालण्यातही अर्थ नाही. त्यांच्याकडे तुमचा नंबर सेव्ह नसतो, त्यामुळे मेसेज पोचणारच नाही.

आत्ताच्या लिस्टमधल्या प्रत्येकीचं चॅट उघडून शेवटची ऑर्डर कधीची आणि कशाची ते बघा आणि त्याप्रमाणे पंधरवड्यांत वाटणी करा. एका संध्याकाळचं काम आहे. ज्यांना मसाला नेऊन दोन महिने उलटलेत त्यांना ब्रॉडकास्ट नको, त्यांना आधी एकेकीला मसाला कसा लागला ते विचारा.