दोन मध्यस्थांचं पक्षकारांसमोरच पटलं नाही तर?

*"तालुक्याला आम्ही दोघं मिळून मध्यस्थी करतो. बैठक चालू असताना आमचंच पटलं नाही तर पक्षकारांसमोर बोलायचं की बाहेर जाऊन?"*

न पटणारी गोष्ट बैठक कशी चालवायची याबद्दल असेल, तर समोरच बोला. तोडगा कसा असावा याबद्दल असेल, तर त्यांच्यासमोर अवाक्षर काढू नका. तोडगा त्यांचा आहे, आणि त्यावर आपली दोन मतं दिसली की प्रत्येक जण आपापला मध्यस्थ निवडून मोकळा होतो.

वरुडकडचं एक प्रकरण सांगतो. दोन चुलतभाऊ, धुऱ्यावर सामाईक विहीर. थोरल्याची संत्र्याची बाग, धाकट्याचा गहू. मी बोलायचं आणि सोबतच्या ताईंनी ऐकायचं, टिपायचं, चेहरे बघायचे, असं आधीच ठरलं होतं. तरी अर्ध्या तासात धाकटा फक्त माझ्याकडे बघून बोलू लागला. 'हे सर आपले' असं मनात बसल्याची ही खूण. ताईंनी लगेच त्याला प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि मी थोरल्याकडे वळलो. एकेकाशी वेगळं बोलायची वेळ आली तेव्हाही आम्ही दोघं सोबतच बसलो. नाहीतर एकाला माहीत असलेलं दुसऱ्याला माहीत नसतं आणि जोडी तिथेच फुटते.

दोन तासांनी दोघं 'आठवडा तुझा, आठवडा माझा' या पाण्याच्या जुन्याच पाळीला हो म्हणाले. मी कागद ओढला. ताई म्हणाल्या, "सर, लिहिण्याआधी मला या भाऊंना विजेचं विचारायचंय. चालेल?" जमत आलेलं मोडेल अशी मला भीती वाटली. ती लपवली नाही. म्हटलं, "मी आधी पाळी लिहून घेणार होतो. पण विचारा तुम्ही, लिहिणं दहा मिनिटांनी करू."

धाकटा खाली मान घालून होता. म्हणाला, "लाईन एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रातची. दर खेपेला रातचा आठवडा मलेच येते. वावरात डुकरं फिरतात, पोरगं एकटं जाते."

पाळी आणि वीज, दोन्ही आठवड्यानेच बदलत होत्या. थोरल्याच्या हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. मग त्यांनीच ठरवलं: दर आठवड्यात तीन दिवस एकाचे, तीन दुसऱ्याचे, सातवा आळीपाळीने. त्यामुळे रात्र दोघांच्याही वाट्याला येते.

ताईंनी तेव्हा 'ही पाळी अन्यायाची आहे' असं म्हटलं असतं, तर थोरला उठून गेला असता. त्यांनी फक्त विचारायची परवानगी मागितली, तीही दोघा भावांसमोर.

सोबती खरंच एका बाजूला झुकतोय असं वाटलं, तर मात्र चहाला बैठक थांबवा आणि बाहेर स्पष्ट सांगा. तरीही जमलं नाही, तर त्या प्रकरणातून एकाने बाजूला व्हावं.