मंजूर नकाशासाठी माहिती अर्ज: काय मागायचं, कसं मागायचं

प्रश्न: "सांगलीत विश्रामबागला आमचं अपार्टमेंट आहे, 2009 सालचं. तळमजल्यावर पार्किंगच्या जागेत बिल्डरने दोन गाळे काढून भाड्याने दिलेत. मंजूर नकाशात तिथे काय दाखवलंय ते बघायचंय. महापालिकेत माहिती अधिकारात अर्ज टाकणार आहे. मसुद्यात लिहिलंय: 'पार्किंगमध्ये गाळ्यांना परवानगी का दिली? हे बांधकाम कायदेशीर आहे का? कोणावर कारवाई करणार?' एवढं पुरेल का?"

उत्तर:

हा मसुदा असाच दिलात तर महिन्याभराने "सदर बाब माहितीच्या व्याख्येत येत नाही" असं एका ओळीचं पत्र हातात पडेल. त्यात कार्यालयाला दोषही देता येणार नाही. माहिती अधिकारात मिळते ती कागदावर असलेली गोष्ट. 'का दिली' याचा खुलासा किंवा 'कायदेशीर आहे का' यावरचं मत देणं जन माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. म्हणून प्रत्येक प्रश्नाच्या जागी एक कागद ठेवा. 'का दिली' याचं उत्तर परवानगीच्या संचिकेतल्या टिपणीत असतं, ती टिपणी मागा. 'कायदेशीर आहे का' हे मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र शेजारी ठेवलं की तुम्हालाच दिसतं.

अर्जाच्या आधी घरातलं एक काम करा. फ्लॅटचा नोंदणीकृत करारनामा काढा आणि सुरुवातीचा मजकूर नीट वाचा. "... महापालिकेने जावक क्र. अमुक, दिनांक तमुक अन्वये बांधकाम परवानगी दिली आहे" असं वाक्य त्यात बहुतेक असतं. हा क्रमांक मिळाला की निम्मं काम झालं. नुसतं अपार्टमेंटचं नाव देऊन नगररचना विभागात संचिका सापडत नाही, कारण परवानगी सिटी सर्व्हे नंबर आणि जमीनमालकाच्या नावावर निघालेली असते. सिटी सर्व्हे नंबर मिळकत पत्रिकेवरून जसाच्या तसा उतरवा. (तुमच्यापेक्षा जुन्या इमारतीवाल्यांसाठी: सांगली-मिरज-कुपवाड महापालिका 1998 ची. त्याआधीची परवानगी जुन्या नगरपालिकेच्या दप्तरात असणार, हे अर्जात लिहा म्हणजे शोधणाऱ्याला सबब उरत नाही.)

आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर साधारण 150 शब्दांत बसावा. विषय दोन झाले तर अधिकारी पहिल्याचंच उत्तर देऊन मोकळा होऊ शकतो. म्हणून गाळ्यांची घरपट्टी, व्यवसाय परवाना वगैरे यात घुसडू नका, त्याचा वेगळा अर्ज करा. मी असं लिहीन:

> सि. स. नं. ____, विश्रामबाग, सांगली येथील इमारतीबाबत (बांधकाम परवानगी जा. क्र. ____, दि. ____) खालील अभिलेखांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात:
> 1. मूळ मंजूर नकाशा व त्यानंतर मंजूर झालेले सर्व सुधारित नकाशे.
> 2. बांधकाम परवाना, अटींच्या पानांसह.
> 3. जोते तपासणी दाखला, भोगवटा प्रमाणपत्र व त्यासोबतचा पूर्णत्वाचा नकाशा.
> 4. वरील परवानगीच्या संचिकेतील टिपणीची सर्व पाने.
> 5. बांधकाम परवानगी नोंदवहीतील या प्रकरणाची नोंद असलेले पान.
> तसेच प्रती घेण्यापूर्वी संपूर्ण संचिकेची पाहणी करू द्यावी.

'सर्व सुधारित' हे शब्द गाळू नका. मूळ नकाशात पार्किंग आणि नंतरच्या सुधारित नकाशात दुकान, असं निघू शकतं. तसं निघालं तर सुधारित मंजुरीची तारीख तुमच्या कराराच्या तारखेशी ताडून बघा. फ्लॅट विकल्यानंतर बिल्डरने नकाशा बदलला असेल तर फ्लॅटधारकांच्या संमतीचा प्रश्न येतो, आणि तो मोफा म्हणजे महाराष्ट्र फ्लॅट मालकी कायद्याच्या कलम 7 चा मुद्दा आहे.

पाचवा मुद्दा मुद्दाम घातलाय. "संचिका आढळून येत नाही" हे उत्तर जुन्या इमारतींना सर्रास मिळतं. संचिका नसली तरी नोंदवहीत क्रमांक, तारीख आणि मालकाचं नाव असतं. त्या पानाची प्रत हातात असली की परवानगी दिलीच नव्हती असं कोणी म्हणू शकत नाही. मग अपिलात दोनच गोष्टी मागायच्या: संचिका कोणाच्या ताब्यात होती आणि ती शोधायला काय केलं याचं लेखी उत्तर, आणि सापडत नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 खालील कार्यवाही.

अर्ज 'जोडपत्र अ' च्या नमुन्यात, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, "जन माहिती अधिकारी, नगररचना विभाग" यांच्या नावे आवक विभागात द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माहिती कशाला हवी हे सांगायची गरज नाही, कोणी तोंडी विचारलं तरी.

त्या दिवसापासून 30 दिवस मोजा. मधे शुल्काचं पत्र येईल. साध्या पानाला 2 रुपये असतात. नकाशा मोठ्या कागदावर असतो, त्याची प्रत काढायला जो खरा खर्च येईल तो मागतात. पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत, तेव्हा लगेच भरा. 30 दिवस उलटून गेल्यावर शुल्क मागितलं तर माहिती अधिकार कायद्याचं कलम 7(6) दाखवा, उशिरा दिलेली माहिती फुकट द्यावी लागते.

पाहणीचं बोलावणं आलं तर जाच. सोबत पेन्सिल न्या. पेन आत नेऊ देत नाहीत, नियमातच तसं आहे. नकाशा उलगडला की आधी मंजुरीचा शिक्का बघा, त्यावरचा क्रमांक परवान्याशी जुळला पाहिजे. मग तळमजल्याच्या आराखड्यात गाळ्यांच्या जागी काय लिहिलंय ते, आणि कडेच्या तक्त्यात चारचाकी-दुचाकी किती दाखवल्यात ते. तेवढ्या गाड्या आज जागेवर लागतात का, हे मोजून पाहिलं की तक्रारीला आधार मिळतो.

आता आडकाठीचं. अधिकारी कलम 11 खाली बिल्डरला नोटीस काढू शकतो, मग मुदत 40 दिवसांची होते. बिल्डर हरकत घेईलच. पण त्याची हरकत म्हणजे नकार नव्हे, निर्णय अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. "वैयक्तिक माहिती" म्हणून नकार आला तर त्याकडे जरा नीट बघा, कारण 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने कलम 8(1)(ञ) बदललंय आणि पूर्वीपेक्षा ते कडक झालंय. तरी नकाशा इमारतीचा आहे, मोफाप्रमाणे बिल्डरने तो खरेदीदारांना दाखवायलाच हवा होता, आणि तुम्ही त्याच इमारतीतले फ्लॅटधारक आहात. मालकाचा फोन, सही वगैरे झाकून बाकी द्या, हे कलम 10 सांगतं. अर्जासोबत कराराच्या पहिल्या पानाची आणि सूची 2 ची झेरॉक्स जोडली तर हा वाद बहुधा उठतच नाही. बंधनकारक नाही, पण मी जोडतो.

उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर 30 दिवसांत पहिलं अपील, 'जोडपत्र ब', 20 रुपयांचं तिकीट. अपिलात रागाचा मजकूर नको. पाचांपैकी कोणता मुद्दा दिला, कोणता नाही, एवढंच क्रमाने लिहा आणि सुनावणीला स्वतः जा. पुढचं अपील राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे, 90 दिवसांत करता येतं, पण तिथे नंबर लागायला फार वेळ जातो. त्यामुळे सगळा जोर पहिल्या अपिलावर लावा.