इंजेक्शनच्या आधी रिपोर्टवरची वेळ बघा

"वय ४९, भुसावळला रेल्वेत, रात्रपाळी असते. वर्षभरापासून चिडचिड, इच्छाच होत नाही. संध्याकाळी पाचला टेस्टोस्टेरॉन केला, २६२ आला. लॅबमध्येच म्हणाले, पुरुषांचा मेनोपॉज आहे, इंजेक्शन सुरू करा. करू का?"

भाऊ, आत्ता नको. मी याच घोळात अडकलो होतो, म्हणून लांब लिहितोय. डॉक्टर नाही, अनुभव आणि वाचन एवढंच भांडवल. शेवटचा निर्णय एन्डोक्रायनोलॉजिस्टचा.

आधी तो "मेनोपॉज" शब्द डोक्यातून काढा. बायकांमध्ये अंडाशयाचं काम थांबतं आणि इस्ट्रोजेन थोड्या वर्षांत एकदम खाली येतं. पुरुषात तसं काही बंद होत नाही. तिशी-चाळिशीनंतर टेस्टोस्टेरॉन वर्षाला साधारण एक टक्क्याने उतरतो, आणि बहुतेकांना ते जाणवतही नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या मोठ्या पाहणीत ४० ते ७९ वयाच्या पुरुषांत खरी कमतरता, म्हणजे लक्षणंही आणि आकडाही, जेमतेम दोन टक्क्यांत निघाली. आकड्याशी घट्ट जोडलेली लक्षणं तीनच होती: इच्छा कमी होणं, ताठरता न येणं, आणि पहाटे आपोआप येणारी ताठरता कमी होणं. नुसती चिडचिड त्यात नाही.

आता तुमचा २६२. हा हार्मोन झोपेत तयार होत जातो, पहाटे-सकाळी सगळ्यात वर असतो आणि दिवसभर उतरतो. म्हणून रक्त सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी द्यायचं. पोटात साखर गेली की आकडा काही तास पाव भागापर्यंत पडू शकतो, म्हणजे चहा-खारीही नको. तुमचं रक्त पाचला घेतलं, रात्रपाळी करून दिवसा तुटक झोपल्यावर. वयाप्रमाणे सकाळ-संध्याकाळचा फरक कमी होतो हे खरं, पण कमतरतेची रेघ बहुतेक ठिकाणी ३०० च्या आसपास धरतात. इतक्या जवळचा आकडा चुकीच्या वेळी घेतला तर तो काहीच सांगत नाही.

माझं सगळ्यात मोठं नुकसान इथेच झालं. एका लॅबने दुपारनंतर रक्त घेतलं, रिपोर्टवर वेळ लिहिलीच नाही, आणि त्या एका कागदावर इंजेक्शन सुरू झालं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आला की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी अंडकोषांना कामाला लावणारं एलएच हे हार्मोन सोडणं कमी करते, आणि अंडकोष स्वतःचं काम थांबवतात. शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. इंजेक्शन बंद केल्यावर ते परत यायला कित्येक महिने जातात, आणि तेवढ्या काळात माणूस आधीपेक्षा जास्त गळून जातो. ज्याला अजून मूल हवंय त्याने तर हे इंजेक्शन घेऊच नये. रक्तही घट्ट होतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा वाटा, ५४ टक्क्यांच्या वर गेलं की इंजेक्शन थांबवावं लागतं. हे मला सुरुवातीला कोणी सांगितलं नाही.

तुम्ही असं करा. तीन-चार रात्री सुट्टी घेऊन रात्रीच झोपा. ताप, सर्दी नसताना सकाळी आठला रक्त द्या, वेळ रिपोर्टवर लिहून घ्या. यावल-फैजपूरकडून जळगावला येणाऱ्याला नंबर लागेपर्यंत अकरा वाजतात, त्यांनी घरीच रक्त घेणारा माणूस लवकर बोलवावा. काही दिवसांनी परत एकदा. समजा ३४० आणि ३६५ आले, तर विषय संपला. दोन्ही वेळा २५० च्या आसपास आले, तर एलएच, प्रोलॅक्टिन आणि एसएचबीजी करा. एसएचबीजी म्हणजे रक्तात टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारं प्रथिन. पोट सुटलेलं असलं की ते कमी असतं, त्यामुळे एकूण आकडा कमी दिसतो पण वापरात येणारा भाग ठीक असू शकतो. एलएच वाढलेलं असेल तर बिघाड अंडकोषात. कमी किंवा नॉर्मल असूनही टेस्टोस्टेरॉन कमी असेल तर कारण पिट्युटरीत, औषधांत किंवा वजनात शोधायचं.

तोवर एक गोष्ट स्वतः बघता येते. पहाटे ताठरता येतेय, पण बायकोजवळ इच्छा होत नाही? मग कारण बहुतेक झोप, ताण, नैराश्य किंवा बीपी-नैराश्याच्या गोळ्या यांत असतं. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. घोरत असाल आणि दिवसा पेंग येत असेल तर झोपेत श्वास अडकतो का, ते तपासा. ताठरताच कमी झाली असेल तर साखर आणि हृदय आधी. लिंगाच्या रक्तवाहिन्या बारीक असतात, तिथला अडथळा हृदयाच्या आधी दिसू शकतो.

आणि स्टँडवर मिळणारं "शक्तिवर्धक" चूर्ण घेऊ नका. अशा चूर्णांत सिल्डेनाफिल हे ताठरतेचं औषध मिसळलेलं सापडलंय. छातीसाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर बीपी एकदम कोसळतं.

बीपी किंवा झोपेची कुठली गोळी चालू आहे का, आणि सकाळचा रिपोर्ट आला की आकड्यासोबत वेळही टाका.