मन राखणं आणि मर्जी राखणं

प्रश्न : “पदवीच्या वर्गासाठी ‘आजची नोकरी’ यावर छोटा निबंध लिहितोय, ॲपवर काम करणाऱ्या गिग कामगारांना धरून. ‘इमोशनल लेबर’ला भावनिक श्रम म्हणू, भावनिक कष्ट म्हणू की भावश्रम? आणि ‘प्रिकेरियस वर्क’ला कोशात ‘अनिश्चित काम’ सापडलं, ते फार कोरडं वाटतं. दुसरा शब्द आहे का? – खानापूर तालुक्यातला एक विद्यार्थी”

‘कष्ट’ आधी खोडा. मराठीत कष्ट करतात तसे कष्ट होतातही. ‘मला फार कष्ट झाले’ म्हणजे मला त्रास झाला. ‘भावनिक कष्ट’ वाचून कुणाचं तरी मन दुखावलं एवढंच कळेल, काम केलं हे कळणार नाही. ‘भावश्रम’ मला मनापासून आवडतो. मनातला तो भाव, चेहऱ्यावरचा तो हावभाव, आणि आपल्या बेळगावच्या बाजारात कांद्याला मिळतो तोही भावच. तिन्ही अर्थ इथं एकदम लागू पडतात. पण नवख्याला तो कीर्तनातला शब्द वाटेल. म्हणून निबंधात ‘भावनिक श्रम’ घ्या. शारीरिक श्रम, बौद्धिक श्रम या ओळीत तो नीट बसतो.

आता शब्दाच्या आत काय आहे ते पाहू, कारण घोळ तिथंच होतो. ही संज्ञा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली रसेल हॉक्शील्ड यांची, 1983 च्या पुस्तकातली. त्यांनी विमानातल्या हवाई सुंदरींचं प्रशिक्षण जवळून पाहिलं. त्यांना नुसतं हसा असं शिकवत नसत. विमान म्हणजे आपली बैठकीची खोली आणि प्रवासी म्हणजे घरी आलेला पाहुणा असं मनात धरा, असं शिकवत. दुसऱ्या टोकाला त्यांनी थकबाकी वसूल करणारे पाहिले. त्यांचं काम उलट, समोरच्याला ओशाळं करायचं. म्हणजे भावनिक श्रम गोडच असतो असं नाही. पगारासाठी डोळे वटारणं हाही त्यातलाच. बचतगटाच्या कर्जाचा हप्ता मागायला येणाऱ्या पोराचा चढलेला आवाज कितीदा त्याचा स्वतःचा नसतो.

हॉक्शील्ड यांनी भावनिक श्रमाच्या तीन खुणा सांगितल्या. लोकांशी समोरासमोर किंवा आवाजातून गाठ पडायला हवी. समोरच्याच्या मनात काहीतरी उत्पन्न करायचं असायला हवं. आणि कामगाराच्या भावनांवर मालकाचा ताबा हवा, शिकवणीतून किंवा देखरेखीतून. तिसरी खूण सुटली की शब्द सैल होतो. घरातलं सगळं लक्षात ठेवणं, नात्यागोत्यातले रुसवे काढणं यालाही हल्ली सर्रास ‘इमोशनल लेबर’ म्हणतात. 2018 मधल्या एका मुलाखतीत खुद्द हॉक्शील्ड यांनीच शब्द असा ताणण्याबद्दल कुरकुर केली होती. घरात, नात्यात भावना सांभाळण्याला त्यांनी वेगळं नाव ठेवलं होतं, ‘इमोशन वर्क’. एक विकायचं, एक न विकायचं.

हा फरक मराठीत मुळातच आहे. आपण आईचं, बायकोचं, मित्राचं मन राखतो. सावकाराची, साहेबाची मर्जी राखतो. मन राखलं नाही तर कुणी रुसेल. मर्जी राखली नाही तर पोटावर पाय येईल. ‘मर्जी’ दरबारी वळणाचा शब्द आहे. मर्जीतला माणूस, मर्जी बसणं, गैरमर्जी, मर्जीतून उतरणं, सगळीकडे वर कुणीतरी बसलेला असतो. बेळगावात तर हा शब्द दोन्ही बाजूंचा, कन्नडवालेही मर्जीच म्हणतात. कसोटी सोपी आहे. तोंड वाकडं केलं तर कोण काय कापणार, एवढं विचारा. काही कापलं जाणार नसेल तर ते मन राखणं. कमाई कापली जाणार असेल तर तो भावनिक श्रम.

एक खेप सांगतो. आमच्या वडगावातला एक मुलगा ॲपवर जेवणं पोचवतो. कॅम्पातून पार्सल उचललं, टिळकवाडीत द्यायचं होतं. काँग्रेस रोडनं आला तर दुसरं रेल्वे गेट बंद, मालगाडी. बारा मिनिटं गेली. तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन. पडद्यावर नाव नुसतं ‘पाटील’. इथं थांबा, कारण हे पुण्या-मुंबईच्या निबंधात तुम्हाला मिळणार नाही. पाटील, कुलकर्णी, देसाई ही आपल्याकडं मराठीही असतात आणि कन्नडही. फोन उचलताना कुठल्या भाषेत बोलायचं? ‘यायलोय काका, गेटवर हाय’ म्हणावं आणि ते कन्नड निघाले तर पहिल्याच वाक्यात कपाळाला आठी. ‘बंदे नोड्री सर’ म्हणावं आणि ते मराठी निघाले तर तीच आठी, पलीकडून. तो म्हणाला, “मी ‘हां सर’ एवढंच म्हणतो आणि गप बसतो. ते बोलले की त्यांची भाषा धरतो.” एक सेकंद कान टवकारून ऐकायचं, मग आपली जीभ वळवायची. या कामाला त्याच्या हिशेबाच्या पानावर रकाना नाही.

पुढं त्यानं रेल्वेच्या वतीनं माफी मागितली. गाडी त्याची नव्हती, गेटही त्याचं नव्हतं. दोन जिने चढून दारात पोचल्यावर हेल्मेट काढलं, कारण हेल्मेटमधलं हसू दिसत नाही. पाटील काका तणतणलेच. त्यावर त्याची एक युक्ती आहे. “मनात धरतो की यांना शुगर हाय, भुकेनं चिडल्यात. मग मला राग येत नाही.” या मुलानं हॉक्शील्ड यांचं नावही ऐकलेलं नाही, पण त्यांच्या पुस्तकातल्या हवाई सुंदरी हेच करत. चिडलेल्या प्रवाशावर काहीतरी संकट कोसळलं असेल असं त्या मनाशी धरत. याला हॉक्शील्ड यांनी खोल अभिनय म्हटलं आहे. नुसत्या ओठांवरच्या हसण्याला वरवरचा अभिनय. आपल्याकडं वरवरच्याला ‘उसनं हसू’ म्हणतात. खोलवाल्याला मात्र तयार शब्द नाही. ‘मनाची समजूत घालणं’ जवळ जातं, पण ती आपण आपल्यासाठी घालतो, इथं गिऱ्हाइकासाठी घालायची.

निघताना तो म्हणाला, “काका, तेवढे पाच स्टार द्या.” खेपेचे मिळाले 35 रुपये.

हवाई सुंदरीच्या डोक्यावर पर्यवेक्षक असे. या मुलाला साहेब असा नाहीच. 2020 च्या केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्याच अशी आहे की जो नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेर राहून काम करतो आणि कमावतो. मग तिसरी खूण गेली का? गेली नाही, ती वाटली गेली. देखरेख गिऱ्हाइकाकडं आली, आणि ती गिऱ्हाईक फुकट करतं, अंगठ्यानं तारे देऊन. शिक्षा ॲपकडं राहिली. तारे घसरले की चांगल्या वेळेची कामं दुसऱ्याला जातात, फारच घसरले तर आयडी बंद. पूर्वी एका साहेबाची मर्जी ओळखायला दोन-चार महिने मिळत. याला दिवसाला वीस अनोळखी मर्ज्या, प्रत्येकी दोन मिनिटांच्या. (मर्जीचं अनेकवचन मला कधी लागेल असं वाटलं नव्हतं.) आणि कुठल्या गिऱ्हाइकानं तारे कापले ते त्याला कळत नाही, म्हणून तो सगळ्यांशीच हसतो. श्रम वाढतो तो इथं.

आता तुमचा दुसरा शब्द. ‘प्रिकेरियस’ लॅटिन ‘प्रेकारिउस’वरून आला. त्याचा मूळ अर्थ विनवणी करून मिळालेलं, म्हणून देणाऱ्याच्या इच्छेवर टिकणारं. रोमन कायद्यात ‘प्रेकारियुम’ अशी रीतच होती. एखाद्यानं विनवून जमीन वापरायला मागायची, मालकानं द्यायची, आणि मनात येईल तेव्हा परत घ्यायची. म्हणजे मुळात हा शब्द अनिश्चिततेचा नव्हेच. पाऊसही अनिश्चित असतो, पण पावसाला कुणी पाच तारे मागत नाही. इथं काढून घेणारा एक हात आहे, आणि तो ‘अनिश्चित’मध्ये दिसत नाही. ‘असुरक्षित’मध्येही नाही. ‘हातावरचं पोट’ सुरेख आहे, पण ते कमाई किती तुटपुंजी ते सांगतं, कुणाच्या हातात ते सांगत नाही. माझ्या मते ‘मर्जीवरचं काम’ म्हणा. कोरडं नाही, आणि लॅटिन मुळाला अगदी चिकटून आहे. शिवाय तुमचे दोन्ही विषय एकाच शब्दाला येऊन मिळतात : काम मर्जीवरचं आहे, म्हणून मर्जी राखण्याचा श्रम करावा लागतो.

शब्द बरोबर लागला की कायद्यातलं कलमही वेगळं दिसतं. कर्नाटकानं 2025 मध्ये प्लॅटफॉर्मवरच्या गिग कामगारांसाठी कायदा केला. बातम्यांत गाजला तो कल्याण शुल्काचा भाग, कामगाराला दिलेल्या मोबदल्यावर 1 ते 5 टक्के. मला त्यातला 14 दिवसांच्या नोटिशीचा भाग महत्त्वाचा वाटतो : योग्य कारण लेखी दिल्याशिवाय आणि आधी नोटीस दिल्याशिवाय कामावरून काढता येत नाही. मर्जीला कारण सांगावं लागत नसतं. कारण सांगावं लागलं की ती तेवढ्यापुरती मर्जी राहत नाही. पण काढून न टाकता नुसती कमी कामं दिली तर हे 14 दिवस उपयोगी पडत नाहीत. आमच्या मुलाला आयडी बंद होण्यापेक्षा भीती त्याचीच जास्त आहे.

‘गिग’ तुम्ही विचारला नाहीत, तरी राहवत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत वादक मंडळी एका रात्रीच्या वाजवण्याला ‘गिग’ म्हणू लागली. आपल्या वादकांचा आणि तमाशावाल्यांचा नेमका तोच शब्द आहे, सुपारी. ‘शनिवारची सुपारी घेतलीय’ म्हणजे शनिवारचा कार्यक्रम ठरला. पण सुपारी देताना विसार हातावर ठेवतात, दोन्ही बाजू बांधल्या जातात. ॲप विसार देत नाही. तेव्हा अर्थाच्या दृष्टीनंही ‘सुपारी कामगार’ जमणार नाही, आणि तुमचे परीक्षक दचकतील ते वेगळंच. ‘गिग कामगार’ असाच ठेवा, आणि त्याच्या एकेका फेरीला ‘खेप’ म्हणा.

‘भावनिक’मधला ‘नि’ ऱ्हस्व. तुमच्या पत्रात दोनदा दीर्घ पडला होता, इथं मी सुधारून घेतलाय.