कोणत्याही ॲपमधून महावितरणचे बिल कसे भरले जाते?

माझ्या फोनमधल्या ॲपचा महावितरणशी काही संबंध नसताना त्याला माझे वीजबिल कसे कळते?

ॲपला ते आधीपासून ठाऊक नसते. आपण विचारल्यावर ते मागवले जाते. ग्राहक क्रमांक आणि बिलिंग युनिट भरताच आपल्या ॲपमागची बँक किंवा संस्था ती विचारणा भारत बिल पेमेंट सिस्टीमच्या, म्हणजे आताच्या ‘भारत कनेक्ट’च्या, मध्यवर्ती यंत्रणेकडे पाठवते आणि तेथून ती महावितरणचे काम पाहणाऱ्या दुसऱ्या संस्थेमार्फत पुढे जाऊन नाव, रक्कम व मुदत घेऊन परतते. पाणीपट्टी आणि फोनचे बिल याच वाटेने येते, मात्र आपली नगरपालिका या जाळ्यात नोंदलेली हवी.

पडद्यावरचे नाव अवश्य वाचावे, कारण क्रमांकातला एक अंक चुकला तर शेजाऱ्याचे बिल भरले जाऊ शकते. (ते परत मिळवणे फार जिकिरीचे असते.)

खात्यातून पैसे वजा होऊनही बिल थकीत दिसले, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नये. पावतीवरील व्यवहार क्रमांक जपून ठेवावा, कारण ॲपमधील तक्रार त्यावरून नोंदवता येते.