सगळ्याच मेलवर लाल उद्गारचिन्ह, मग एजंट बघणार कशाला?

प्रश्न: रत्नागिरीत फ्रोजन मासळीच्या एक्सपोर्टचं डॉक्युमेंटेशन बघतो. साहेबांचा नियमच आहे, न्हावा शेव्याच्या एजंटला जाणारा प्रत्येक मेल आउटलुकमधून हाय इम्पॉर्टन्स लावूनच पाठवायचा. पहिले काही महिने पटापट उत्तरं यायची. आता लाल उद्गारचिन्ह असूनही मेल संध्याकाळपर्यंत उघडत नाहीत. ही खूण त्यांच्याकडे दिसत नाही का? काय करावं?

उत्तर:

आधी खूण दिसते का ते बघू, कारण तिथेच अर्धा घोळ असू शकतो. हाय इम्पॉर्टन्स लावलं की मेलच्या हेडरमध्ये साधारण एवढीच भर पडते:

```
Importance: high
X-Priority: 1
```

मेल लवकर पोचावा म्हणून यात काहीच नाही. सर्व्हरच्या रांगेत तुमचा मेल पुढे जात नाही. समोरच्याच्या प्रोग्रामने ह्या ओळी वाचून काही दाखवलं तर दाखवलं. आउटलुक लाल उद्गारचिन्ह दाखवतो. जीमेल पाठवणाऱ्याची खूण दाखवत नाही. तिथे जी पिवळी खूण दिसते ती जीमेलची स्वतःची, म्हणजे तो माणूस कोणाचे मेल उघडतो, कोणाला उत्तर देतो यावरून काढलेला अंदाज. तेव्हा एजंटकडचा मुलगा जीमेलवर बसत असेल तर तुमचं लाल त्याच्यापर्यंत गेलेलंच नाही, आणि तुमचे मेल न उघडण्याची त्याची सवय उलट जीमेलही शिकतोय. फोन करून तो मेल कशात बघतो ते विचारा.

पण पूर्वी उत्तरं येत होती म्हणता, म्हणजे बहुधा खूण दिसते आणि आता तिचं वजन गेलंय. ते कसं गेलं हे तुमच्याच एका दिवसावर मांडून बघा. समजा दिवसाला त्याला 12 मेल जातात. आठवड्याचा साठा, मागच्या महिन्याच्या बिलांचं स्टेटमेंट, उद्या लागणारी पॅकिंग लिस्ट, गणपतीच्या सुट्टीची सूचना, "मेल मिळाला का?" असे तीन, आणि असेच आणखी तीन. उरले दोन: म्हाकुलाच्या 40 फुटी रीफर कंटेनरचा व्हीजीएम, म्हणजे पडताळलेल्या वजनाची नोंद, ज्याची मुदत आज संध्याकाळी 6 ला संपते, आणि बीएल म्हणजे जहाजाच्या मालपावतीच्या ड्राफ्टमधली दुरुस्ती. बाराच्या बारांवर लाल. म्हणजे त्याच्या बाजूने बघितलं तर लाल खुणेमागे खरं काम निघण्याची शक्यता सहात एक. आणखी तीन निर्यातदार असंच वागत असतील तर त्याच्या इनबॉक्समध्ये रोज 48 लाल मेल आणि त्यातले खरे 8. हे 8 कुठले ते 48 उघडल्याशिवाय कळत नाही. मग तो खुणेवरून निवडणं सोडतो आणि ज्याचा फोन येईल त्याचं काम आधी करतो.

यात त्याचा आळस शोधू नका. ब्लिस, गिल्सन आणि डीटन यांनी 1995 मध्ये अलार्मवरच्या प्रयोगात हेच पाहिलं: अलार्म जितक्या प्रमाणात खरा निघतो, बहुतेक माणसं साधारण तितक्याच प्रमाणात त्याला प्रतिसाद देतात. कोणी कागदावर हिशोब करत नाही, हाताला सवय लागते. आणि असा प्रतिसाद कमी झाला की खोट्या अलार्मसोबत खऱ्याकडेही दुर्लक्ष होतं, कारण दोन्हींचं तोंड सारखंच. आपल्याकडे मिरकरवाड्यात बारमाही तीन नंबरचा बावटा लावून ठेवला तर होड्या बंदरात थांबतील का?

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. खूण अख्ख्या मेलला लागते, एकेका माणसाला नाही. व्हीजीएमचा मेल एजंटला, सीसीमध्ये साहेब, अकाउंट्स आणि प्लांटचा सुपरवायझर, तर चौघांनाही लाल जातं आणि काम फक्त एकाला असतं. बाकी तिघं त्या दिवशी "लाल म्हणजे आपलं काही नाही" एवढं शिकतात. पुढच्या वेळी प्लांटला खरंच काही सांगायचं असेल तर तिथेही तीच बोंब. म्हणून काम ज्याचं, त्यालाच खुणेचा मेल पाठवा. इतरांना नंतर साधा मेल फॉरवर्ड करा, आणि फॉरवर्ड करताना खूण तशीच चिकटून राहिलेली नाही ना, ते बघून घ्या.

आता दुरुस्ती. क्लासिक आउटलुकमध्ये `File > Options > Mail` उघडा, `Send messages` खाली `Default Importance level` काय आहे बघा. कोणीतरी तिथे `High` करून ठेवलेलं सापडणं अजिबात नवल नाही. ते `Normal` करा. मग `Sent Items` मध्ये जाऊन सर्चमध्ये हे टाका:

```
importance:high
```

खूण लावलेले सगळे मेल समोर येतील, त्यातले मागच्या महिन्याचे घ्या. प्रत्येकापुढे एकच प्रश्न: हा त्याच दिवशी उघडला नसता तर नक्की काय अडलं असतं? ही यादी साहेबांना दाखवा. "खूण कमी लावूया" असं तोंडी सांगून साहेब ऐकतील असं मला वाटत नाही, यादी मात्र बोलते.

पुढे खूण कधी लावायची? मी तरी तीन अटी एकदम जुळल्याशिवाय लावू नका असं सांगेन. घड्याळातली ठरलेली वेळ आहे, ती चुकली तर नंतर भरून निघत नाही, आणि काम ह्याच माणसाने करायचंय. व्हीजीएम तिन्हीत बसतो, कारण 1 जुलै 2016 पासून सोलास या जहाज-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियमानुसार पडताळलेलं वजन दिल्याशिवाय भरलेला कंटेनर जहाजावर चढत नाही, आणि जहाज आपल्यासाठी थांबत नाही. पॅकिंग लिस्ट बसत नाही, उद्या दिली तरी चालते. साहेब चिडलेत ही तर अट नाहीच.

मुदतीला दोन तासांपेक्षा कमी उरले असतील तर मेलवर विसंबूच नका. आधी फोन, मग नोंद म्हणून मेल.

आणि खुणेपेक्षा विषयाच्या ओळीवर मेहनत घ्या, कारण ती जीमेलमध्ये दिसते, मोबाइलवरही दिसते. "अर्जंट!!! प्लीज बघा" यातून काहीच कळत नाही. वेळ, काम, ओळख ह्या क्रमाने लिहा:

"आज 18:00 आधी – व्हीजीएम सबमिट करून पोच द्या – बुकिंगचे शेवटचे आकडे 4471"

मोबाइलच्या नोटिफिकेशनमध्ये ओळ मध्येच तुटते, म्हणून वेळ सगळ्यात पुढे. मेलच्या पहिल्या वाक्यात पुन्हा तेच काम, बाकी तपशील त्याखाली.

एवढं केलं म्हणून उद्यापासून फरक पडणार नाही. त्याची सवय महिनोन्‌महिने लागलीय. त्याला एकदा फोन करून स्पष्ट सांगा की आजपासून आमच्याकडून लाल आलं तर त्याच दिवसाची मुदत समजा, बाकी सगळं साध्या मेलने येईल. त्याने वैतागून आउटलुकमध्ये तुमचे मेल परस्पर दुसऱ्या फोल्डरला टाकणारा रूल लावलाय का, तेही त्याच फोनवर विचारा. असा रूल असेल तर इकडून कितीही शिस्त पाळली तरी मेल त्याच्या नजरेला पडणार नाही, तो काढायला लावा. नंतर पहिल्या काही खऱ्या लाल मेलमागोमाग फोनही करा. खूण आणि खरं काम सोबत येतात हे त्याला दोन-चारदा अनुभवाने कळलं की फोन हळूहळू सोडता येईल.

ऑफिसातल्या दुसऱ्या टेबलवरच्यांनाही हेच पाळायला लावा. एक जण सगळ्यावर लाल लावायला लागला की बाकीच्यांचे साधे मेल फिके दिसतात आणि तेही लावू लागतात. एजंटला तुमचं टेबल वेगळं ओळखू येत नाही, त्याच्यासाठी सगळे मेल एकाच कंपनीचे.